शब्दचर्चा: स्ववंध्यत्व, स्वअसंगतता की आणखी काही?

अनुवादिका: फळझाडांच्या एका पुस्तिकेचे मराठीकरण करताना मी एका शब्दापाशी अडले आहे. काही वनस्पतींत एकाच फुलातील पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर पडला तरी बी धरत नाही. या गुणधर्माला जुन्या पुस्तकांत ‘स्ववंध्यत्व’ असे म्हटलेले आढळते, तर नव्या पुस्तकांत ‘स्वअसंगतता’ असा शब्द दिसतो. एका ठिकाणी ‘स्वविसंगती’ही वाचला, परंतु विसंगती म्हटले की बोलण्यातील किंवा वागण्यातील मेळ नसणे आठवते, म्हणून तो मी बाजूला ठेवला. उरलेल्या दोहोंपैकी कोणता शब्द वस्तुस्थितीला धरून आहे?

बिब्बा: माझ्या मते ‘स्ववंध्यत्व’ पुरेसा आहे. झाड आपला पराग ओळखते आणि नाकारते. परका पराग आला की स्वीकारते. स्वतःपासून संतती होत नाही, एवढाच अर्थ वाचकाला कळायला हवा आणि तो या शब्दातून कळतो.

मळेकरी: आमच्या परसातील पपईचेही असेच आहे. दोन झाडे फुलांनी लगडतात, पण फळ एकही नाही. त्यांनाही स्ववंध्य म्हणावे का?

केसरदल: मळेकरी, तुमच्या झाडांची फुले पाहा. लांब, लोंबत्या देठांवर झुपक्याने येणारी बारीक फुले असतील, तर ती नरझाडे आहेत आणि त्यांच्याकडून फळाची अपेक्षा नाही. येथे प्रश्न वेगळा आहे. ज्या फुलात धडधाकट पुंकेसर आणि धडधाकट बीजांडे दोन्ही आहेत, तरीही त्यांचे आपसांत जमत नाही, अशा फुलाविषयी आपण बोलत आहोत. म्हणूनच ‘वंध्यत्व’ हा शब्द मला मुळीच पटत नाही. तोच पराग शेजारच्या झाडावर नेला की बी धरते, आणि त्याच बीजांडांना दुसरा पराग मिळाला की फळ येते. यात वंध्य कोण?

दूरदेशी: मी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात राहतो. गोड चेरीला दुसऱ्या जातीचा शेजार लागतो हे वाचून मी ‘बिंग’ आणि ‘लॅम्बर्ट’ अशा दोन जाती लावल्या. रोपे विकणाऱ्याने त्या वेगवेगळ्या जाती असल्याचे सांगितले होते आणि ते खरेही होते. दोन्ही झाडे एकाच सुमारास फुलली, मधमाश्या भरपूर होत्या, थंडीचा कडाका पडला नाही. तरी सलग चार वर्षे मूठभरसुद्धा चेरी मिळाल्या नाहीत. बिब्बा म्हणतात तसे झाड फक्त ‘स्व’ला नाकारत असेल, तर परक्या जातीला का नाकारले?

केसरदल: दूरदेशी यांनी नेमके वर्म दाखवले. झाड ‘स्व’ ओळखत नाही. ते एका जनुकाचे रूप ओळखते. या जनुकस्थानाला एस म्हणतात. त्याची अनेक पर्यायी रूपे असतात, त्यांना आपण अलील म्हणू. प्रत्येक झाडात दोन अलील असतात, पण परागकणात त्यांपैकी एकच येतो. परागकणातील अलील कुक्षीच्या झाडाच्या दोहोंपैकी एकाशी जुळला, तर कुक्षीवृंतातील एक विकर त्या परागनलिकेतील आरएनए तोडते आणि नलिका वाटेतच थांबते. कुक्षीवृंत ॲनिलीन ब्लू या रंगद्रव्यात भिजवून अतिनील प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की नलिका चमकतात, आणि कोणती मध्येच थबकली व कोणती बीजांडापर्यंत पोचली हे स्पष्ट दिसते.

आता बिंगचे अलील एस३ आणि एस४ आहेत, आणि लॅम्बर्टचेही एस३ आणि एस४च आहेत. त्यामुळे एकीचा कोणताही परागकण दुसरीवर चालत नाही. याउलट ‘व्हॅन’ ही जात एस१ आणि एस३ची आहे. तिचे निम्मे परागकण, म्हणजे एस१ वाहणारे, बिंगवर पुढे जातात आणि एस३चे अडतात. निम्मे मिळाले तरी फळ भरपूर धरते. संतती एस१एस३ किंवा एस१एस४ होते. ‘रेनियर’ ही प्रसिद्ध जात बिंग आणि व्हॅन यांच्याच संकरातून आली आणि ती एस१एस४ आहे. दूरदेशी, तुमच्या दोन झाडांशेजारी व्हॅन किंवा रेनियर लावा. दोन्हींकडे एस१ असल्याने अडचण सुटेल.

बिब्बा: म्हणजे माझा ‘स्व’च चुकला. मग समान अलील नाकारला जातो म्हणून ‘सगोत्र-निषेध’ म्हणावे का? नात्यागोत्याचा संबंध नसलेली दोन माणसे सगोत्र निघाली की विवाह वर्ज्य मानण्याची रूढी आपल्या वाचकाला वेगळी समजवावी लागत नाही.

केसरदल: उपमा म्हणून ती फार चांगली आहे, संज्ञा म्हणून धोक्याची. गोत्र बापाकडून एकच येते. येथे झाडाकडे दोन अलील, एक आईकडून आणि एक बापाकडून. शिवाय सख्खी भावंडे सगोत्रच असतात. पण एस१एस२ आणि एस३एस४ यांच्या संततीत एस१एस३ आणि एस२एस४ अशी भावंडे निघतात आणि ती एकमेकांना पूर्णपणे चालतात. ही व्यवस्था स्वपरागण बंद करते, भावंडांतील संकर मात्र फक्त कमी करते. कोबी-मोहरीच्या कुळात तर नियमच निराळा आहे: तेथे ओळख परागकणावरच्या आवरणावरून पटते आणि ते आवरण पितृवृक्षाकडून येते, म्हणून पित्याचे दोन्ही अलील विचारात घ्यावे लागतात.

अनुवादिका: पुस्तिकेत पुढे असे वाक्य आहे की रानात अशा अलीलांची संख्या फार मोठी असते. बिंग आणि लॅम्बर्टसारखी जोडी रानात वारंवार का पडत नाही?

केसरदल: कारण दुर्मीळ अलीलाला फायदा मिळतो. रानात तीनच अलील सारख्या प्रमाणात असले, तर एस१चा परागकण फक्त एस२एस३ झाडांवर, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्या झाडांवर चालेल. दहा असले तर दहातल्या आठ झाडांवर चालेल. त्यांत अकरावा नवा आला, तर त्याला आरंभी एकही झाड अडवणार नाही, म्हणून तो पसरतो; पसरत गेला की अडवणारी झाडे वाढतात आणि त्याचा वेग मंदावतो. एखादा अलील फार माजला, तर त्याच्या परागकणांना जागाच उरत नाही. मात्र चाळीस अलील झाल्यावर जुन्यांनाही चाळिसातली अडतीस झाडे खुली असतात, नव्याचा फायदा अगदी थोडा उरतो, आणि लहान वस्तीत अलील निव्वळ योगायोगाने नाहीसे होऊ लागतात. येणे आणि जाणे जेथे जुळते, तेथे संख्या थांबते. हे गणित जनुकशास्त्रज्ञ स्यूअल राइट यांनी १९३९ मध्ये मांडले. त्याला निमित्त होते न्यू मेक्सिकोतील ऑर्गन पर्वतांतील इनोथेरा ऑर्गनेन्सिस ही वनस्पती. तिची झाडे हजाराच्या आत मानली जात असताना एमर्सन या संशोधकांना तिच्यात सुमारे ४५ अलील सापडले.

दूरदेशी: माझ्या शेजारणीकडे ‘स्टेला’ या जातीच्या गोड चेरीचे एकच झाड आहे आणि ते भरभरून फळते. तेथे हा नियम कसा मोडला?

केसरदल: स्टेलात एस४चे बिघडलेले रूप आहे. बिघाड परागाच्या बाजूचा आहे, त्यामुळे तो परागकण कोणत्याही चेरीवर, स्वतःवरसुद्धा चालतो; कुक्षीवृंताची बाजू मात्र शाबूत आहे आणि ती एस४च्या साध्या परागाला अजूनही अडवते. शेजारणीचे झाड जवळ असेल, तर तुम्हाला नवे रोप लावायचीही गरज नाही.

बिब्बा: बिघाड एकाच बाजूला झाला की स्वपरागण सुरू होते. मग नवा अलील तयार होताना परागाची बाजू आणि कुक्षीवृंताची बाजू एकदम कशा बदलतात?

केसरदल: तो प्रश्न संशोधकांतही पूर्ण सुटलेला नाही. काहींच्या मते मधल्या टप्प्यावर स्वपरागण होऊ शकणारे रूप काही काळ टिकत असावे. पण तसे रूप बहुधा झपाट्याने पसरून सारी व्यवस्थाच मोडेल, अशी शंका त्यावर घेतली जाते.

अनुवादिका: ‘वंध्यत्व’ मी काढून टाकले आहे. ‘स्वअसंगतता’ ठेवते, कारण ‘असंगत’मध्ये दोघांचे न जमणे आहे आणि दोष कोणा एकाला दिलेला नाही. ‘स्व’विषयीची अडचण मात्र शब्दातून जात नाही, म्हणून बिंग-लॅम्बर्टचे उदाहरण तळटीपेत घालणार आहे. ‘अलील-असंगतता’ चालेल का?

बिब्बा: अर्थाला चालेल, पण पुस्तिका वाचणारा बागायतदार ‘अलील’पाशीच थांबेल.

केसरदल: आणि कोबीच्या कुळात तो शब्दही अपुरा पडेल, कारण तेथे एक अलील दुसऱ्याला झाकतो. सध्या तळटीपच बरी.