पगारातून टीडीएस कापला ७८,०००, 26AS मध्ये दिसतो ५८,५००. कंपनीला काय लिहू?

हिशेबी_गोंधळ:
आर्थिक वर्ष २०२४-२५. दर महिन्याला ६,५०० रुपये टीडीएस कापला गेला, बाराही पगारपत्रकांवर तो आहे. रिटर्न भरायला बसलो तर 26AS मध्ये, म्हणजे माझ्या नावावर जमा झालेल्या कराच्या आयकर खात्याच्या उताऱ्यात, ५८,५०० च दिसतात. एचआरने दिलेल्या फॉर्म १६ मध्ये मात्र पूर्ण ७८,००० आहेत. फोन केला तर म्हणाले, "आमच्याकडून सगळं भरलंय, पोर्टलचा प्रॉब्लेम असेल." आता मेल करायचाय, पण नेमकं मागू काय?

सावंतवाडीकर:
माझंही असंच झालं होतं. बँकेने एफडीच्या व्याजावर टीडीएस कापला आणि 26AS मध्ये आलाच नाही. शाखेत तीन चकरा मारल्यावर दिसला.

हिशेबी_गोंधळ:
माझा पगारातला आहे हो, बँकेचा नाही.

चलनवाली:
आधी फरक बघा. १९,५०० म्हणजे बरोबर तीन महिने. 26AS मध्ये कंपनीच्या नावापुढचं अधिक चिन्ह दाबलं की महिनावार नोंदी उघडतात. कुठले महिने गायब आहेत? आणि ते अजिबात नाहीत, की आहेत पण स्टेटसमध्ये U लिहिलंय? U असेल तर कंपनीच्या टीडीएस विवरणपत्रात नोंद आहे, पण कर भरल्याच्या चलनाशी जुळलेली नाही; जुळली की F दिसतं. नोंदच नसेल तर कारण वेगळं.

हिशेबी_गोंधळ:
ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर पूर्ण गायब. U कुठेच नाही, बाकी सगळीकडे F.

चलनवाली:
म्हणजे गडबड तिसऱ्या तिमाहीच्या 24Q मध्ये, पगारावरच्या टीडीएसचं कंपनी दर तिमाहीला भरते त्या विवरणपत्रात. आता शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारा, त्याचे हे तीन महिने दिसतात का. सगळ्यांचेच गायब असतील तर कंपनीने ते विवरणपत्र भरलंच नसेल. फक्त तुमचेच गायब असतील तर तुमची ओळ राहिली, किंवा पॅन चुकीचा टाकला गेला.
फॉर्म १६ चा भाग अ ट्रेसेस या आयकर खात्याच्या टीडीएस पोर्टलवरून उतरवलेला आहे का, तेही पाहा. त्यात तिमाहीनिहाय तक्ता आणि पावती क्रमांक असतात. एक्सेलमध्ये बनवलेल्या फॉर्मवर ७८,००० लिहिणं कुणालाही जमतं.

कायदा_वाचलेला:
एवढा खटाटोप कशाला? कलम २०५ आहे ना. पगारातून कर कापला असेल तर तेवढ्या रकमेसाठी आयकर खाते तुमच्याकडे मागणी करू शकत नाही. ७८,००० टाका आणि निवांत बसा.

चलनवाली:
कलम खरं आहे, निवांत बसणं खरं नाही. रिटर्न प्रोसेस करणारी यंत्रणा 26AS शी ताडून पाहते. फरक दिसला की कलम १४३(१) ची सूचना येते, मागणी निघते किंवा परतावा कमी होतो. कलम २०५ चा आधार घेऊन तुम्हीच मग त्या मागणीला असहमती नोंदवत बसायचं, पगारपत्रकं जोडायची. कंपनीकडून दुरुस्ती करून घेणं त्यापेक्षा सोपं.

हिशेबी_गोंधळ:
दोन सहकाऱ्यांना विचारलं. दोघांचे तिन्ही महिने दिसतात. फॉर्म १६ वर पावती क्रमांक वगैरे काहीच नाही, साधा छापील कागद आहे.

चलनवाली:
मग मेल असा करा, पेरोलला आणि लेखा विभागालाही:
"आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या तिसऱ्या तिमाहीत माझ्या पगारातून कापलेले १९,५०० रुपये माझ्या 26AS मध्ये नाहीत. त्या तिमाहीच्या 24Q मध्ये माझ्या नावासमोर टाकलेला पॅन तपासावा, दुरुस्ती विवरणपत्र भरावे आणि प्रोसेस झाल्यावर ट्रेसेसवरून उतरवलेला फॉर्म १६ द्यावा."
सोबत 26AS ची पीडीएफ आणि तीन पगारपत्रकं. "टीडीएस परत करा" असं लिहू नका, लोक हमखास लिहितात आणि उत्तर भलतंच येतं.

हिशेबी_गोंधळ:
चार दिवसांनी उत्तर आलं: "चलन वेळेत भरले आहे," आणि चलनाची प्रत.

चलनवाली:
हे तुमच्या प्रश्नाचं उत्तरच नाही. चलन सगळ्या कर्मचाऱ्यांचं मिळून असतं, त्यावर तुमचं नाव नसतं. 24Q मधली तुमची ओळ मागा.

हिशेबी_गोंधळ:
मागितली. पॅनमधली दोन अक्षरं उलटी टाकली आहेत! ऑक्टोबरात काम नव्या माणसाकडे गेलं होतं. पण म्हणतात, पुढच्या तिमाहीच्या विवरणपत्रासोबत दुरुस्त करू.

चलनवाली:
थांबायची गरज नाही, दुरुस्ती विवरणपत्र स्वतंत्रपणे भरता येतं. त्यांनाही घाई हवी: पॅन ग्राह्य नसेल तर २० टक्क्यांनी कर कापायला हवा होता असं धरून कमी कपातीची मागणी कंपनीवरच निघते. हे मेलमध्ये नम्रपणे लिहा, गाडी हलते.

कायदा_वाचलेला:
आणि रोज २०० रुपये विलंब शुल्क, कलम २३४ई!

चलनवाली:
ते विवरणपत्र उशिरा भरल्याबद्दल. यांनी भरलंय, फक्त चुकीचं.

हिशेबी_गोंधळ:
मेल गेला. मग रिटर्न आता भरू की थांबू? मुदत १५ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढली आहे.

चलनवाली:
ऑगस्टअखेरपर्यंत मी थांबले असते. तोवर नाही झालं तर ७८,००० चा दावा करून भरा, पुरावे जपून ठेवा. मागणी आली तर असहमती नोंदवा, आणि कंपनीने दुरुस्ती केल्यावर कलम १५४ खाली रिटर्न पुन्हा प्रोसेस करायला लावा.

सावंतवाडीकर:
मी तर 26AS मधल्याच आकड्यावर भरलं असतं आणि उरलेलं नंतर सुधारित रिटर्नमध्ये. ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरता येतं ना?

चलनवाली:
येतं. पण तोवर १९,५०० आणि त्यावरचं व्याज खिशातून भरावं लागेल. ते परवडत असेल तर तोही मार्ग आहे.