अर्धवट काम दाखवायचं की नाही? ड्राफ्ट पीआरवरून

सडेवाडी
गिटहबवरच्या ड्राफ्ट पीआरनी वैताग आणलाय. आज सकाळी रिपोत नऊ ड्राफ्ट उघडे होते, त्यातले चार महिनाभर हललेले नाहीत. अर्धा शिजलेला भात कुणी पानात वाढतं का? काम पुरं करा, मग टाका. मध्येच कुणाचं मत हवं असेल तर फोन करा.

भाट्येपूल
शितावरून भाताची परीक्षा करायची ती भात चुलीवर असताना. पानात आल्यावर कच्चा निघाला तर उपयोग काय?

गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही हापूसच्या बागायतदारांसाठी पेट्यांच्या नोंदणीचं काम करत होतो. मार्चमध्ये पहिल्या पेट्या निघायच्या आत ते चालू व्हायला हवं होतं. टीममधल्या एका मुलाने नऊ दिवस मान खाली घालून काम केलं आणि दहाव्या दिवशी ४१ फायलींचा पीआर टाकला. टेस्टसकट, नीटनेटका. तुम्ही म्हणता तसा, अगदी पुरा. तिसऱ्याच फायलीत ही ओळ होती:

```
const DOZEN_PER_PETI = 5;
```

पेटीत पाच डझन बसतात हे त्याने विचारून घेतलं होतं आणि ते खोटं नव्हतं. पण फळ मोठं असलं तर त्याच पेटीत चार डझन बसतात, बारीक असलं तर सात-आठ. म्हणजे प्रत्येक पेटीला तिचा स्वतःचा आकडा लागतो. साठा, बिल, पेटीवरची चिठ्ठी, सगळं त्या एका पाचावर उभं होतं. सहा दिवस पुन्हा काम केलं त्याने.

फोन करा म्हणता, पण तो फोन कशासाठी करणार होता? इथे काही विचारण्यासारखं आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. ती ओळ दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेला पडायला हवी होती, आणि ती दुसऱ्या दिवशी.

आता तोच मुलगा दुसऱ्या दिवशी ड्राफ्ट टाकतो. त्याच्या परवाच्या ड्राफ्टचं वर्णन जसंच्या तसं देतो:

> ठरवायचंय: पेटी परत आली तर तिच्या जुन्याच नोंदीत बदल करायचा की नवी नोंद घालायची?
> बघा: फक्त `add_peti_returns.sql` आणि त्याची एक टेस्ट.
> बघू नका: स्क्रीन, व्हेरिएबलची नावं. ती बदलणार आहेत.

अर्ध्या तासात उत्तर मिळालं, कारण वाचणाऱ्याला काय बघायचं ते कळलं. तुमच्याकडचे चार ड्राफ्ट महिनाभर पडून आहेत त्यांत असा प्रश्न लिहिलेला आहे का, एकदा उघडून बघा.

आणि `Ready for review` कधी दाबायचं, तर `Files changed` उघडून स्वतःचा डिफ परक्याचा असल्यासारखा वरपासून खालपर्यंत वाचून झाल्यावर. वर्णनातला जुना प्रश्न काढून तिथे काय ठरलं ते लिहायचं. कमिट जुळवायच्या असतील तर त्या आधीच जुळवायच्या. बटण दाबल्यावर फोर्स-पुश केला की वाचणाऱ्याला मागच्या वेळेपासून काय बदललं ते शोधत बसावं लागतं, आणि तो दुसऱ्यांदा नीट वाचत नाही.

सुरंगी
भाट्येपूल, तुमच्याकडे अर्ध्या तासात उत्तर येतं, आमच्याकडे ड्राफ्टकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. ड्राफ्टला रिव्ह्यूअर लावताच येत नाहीत, मग बघणार कोण? मी तर सरळ साधा पीआर टाकते आणि नावाआधी WIP लिहिते.

कातळशिल्प
सुरंगीताई, अर्धं बरोबर आहे. `CODEOWNERS` मधली माणसं ड्राफ्टवर आपोआप लागत नाहीत, त्यांना बोलावणं `Ready for review` दाबल्यावरच जातं. पण हाताने कुणालाही रिव्ह्यूअर लावता येतं, ड्राफ्ट असला तरी. आपोआप पाच जणांना सूचना जात नाही हाच ड्राफ्टचा फायदा आहे. ज्याला प्रश्न आहे त्या एकालाच लावा आणि त्याचं नाव घेऊन विचारा.

WIP लिहायची पद्धत गिटहबवर ड्राफ्ट आले त्याच्या आधीची, म्हणजे २०१९ च्या आधीची. नुसतं नावात लिहून मर्ज अडत नाही. ड्राफ्ट मर्ज होतच नाही.

सुरंगी
हाताने लावता येतं हे माहीत नव्हतं. पण लावलं तरी आमचे सीनियर म्हणणार, "झालं की सांग." त्यावर उपाय बटणात नाही. अर्धं काम दाखवलं की त्यावरून माणसाची किंमत केली जाते, हे मी दोन ठिकाणी सोसलंय. ड्राफ्टवर "नाव चुकलंय, स्पेस जास्त आहे" अशा सतरा कॉमेंट आल्या होत्या मला, आणि टेबलाची रचना चुकली होती त्यावर एकही नाही.

खालची वाडी
माझं जरा वेगळं आहे. देवगडजवळून काम करतो. जूनपासून लाइटीचा भरवसा नाही, गेली की कधी चार तास तर कधी रात्रभर. म्हणून मी रोज संध्याकाळी ड्राफ्ट टाकून ठेवतो, लॅपटॉप बसला तरी काम वाचतं. सडेवाडी ज्याला पडीक म्हणतायत ते असेच कुणाचे तरी असतील. शहरातल्या ऑफिसात बसून हे कळायचं नाही.

सडेवाडी
मी शहरात नाही, लांज्यात आहे. आमच्याकडेही लाइट जाते. काम वाचवायला ब्रँच पुश केली की पुरते, पीआर कशाला उघडायचा? तुमच्या बॅकअपची सूचना आम्हाला का?

खालची वाडी
ह्या माका पटत नाय. ब्रँच नुसती पडून राहिली तर मी दोन दिवस गायब असताना माझ्या जागी दुसऱ्याला कळणार कसं, काम कुठवर आलंय? ड्राफ्ट दिसतो, ब्रँच दिसत नाही.

भाट्येपूल
खालची वाडी, मग तेवढं त्यात लिहा तरी. "इथवर आलंय, पुढचं हे राहिलंय", दोन ओळी. कोऱ्या वर्णनाचा ड्राफ्ट तुमच्या बदलीच्या माणसालाही उपयोगाचा नाही.

सडेवाडी
बरं, एक राहिलं. प्रत्येक ड्राफ्टवर प्रत्येक पुशला सगळ्या टेस्ट धावतात. आमची एक फेरी २२ मिनिटांची आहे. महिन्याची मिनिटं वीस तारखेला संपतात. म्हणून मी गेल्याच आठवड्यात ड्राफ्ट असेल तर टेस्ट वगळायची अट घातली. आता ज्याला हवेत त्याने ड्राफ्ट टाकावेत, माझं काही जात नाही.

कातळशिल्प
थांबा. ती अट कशी घातलीत? वर `types` मध्ये `ready_for_review` लिहिलंत का?

सडेवाडी
नाही. जॉबवर `if` टाकला, ड्राफ्ट असेल तर धावू नको म्हणून. चालतोय व्यवस्थित.

कातळशिल्प
चालत नाहीये, तुम्हाला दिसत नाहीये. आमच्याकडे होमस्टेच्या बुकिंगमध्ये नेमकं हेच झालं. एका शुक्रवारी संध्याकाळी एकाने ड्राफ्ट असतानाच शेवटचा पुश केला. टेस्टचा जॉब वगळला गेला. मग त्याने `Ready for review` दाबलं, दुसऱ्याने डिफ वाचून मान्यता दिली, मर्जचं बटण हिरवं होतं, मर्ज झालं. एकच खोली एकाच तारखेला दोनदा देता येऊ नये याची टेस्ट आमच्याकडे होती आणि ती त्या बदलाने मोडत होती. ती धावलीच नव्हती. शनिवारी तारकर्लीला दोन कुटुंबं एका खोलीच्या दारात उभी होती, त्यातल्या एकांबरोबर म्हातारी आई होती.

कारणं दोन. `pull_request` वर काही न लिहिता सोडलं तर वर्कफ्लो फक्त पीआर उघडला, नवा पुश आला किंवा बंद पीआर पुन्हा उघडला तरच सुरू होतो. ड्राफ्टचा रेडी होणं त्यात येत नाही. दुसरं, `if` मुळे वगळलेला जॉब गिटहब यशस्वी धरतं. तुम्ही ती चेक सक्तीची केली असली तरी ती पार पडली असंच मोजलं जातं. चेकच्या यादीत नावापुढे `Skipped` लिहिलेलं असतं, पण ती यादी उघडतो कोण?

सडेवाडी
मग रेडी केल्यावर `Re-run` दाबायचं. त्यात एवढं काय?

कातळशिल्प
आम्हीही आधी तेच केलं. `Re-run` जुन्याच घटनेची माहिती घेऊन धावतो आणि त्या माहितीत पीआर अजून ड्राफ्टच असतो. परत वगळतो. नवा पुश लागतो, रिकामी कमिट असली तरी चालते. त्यापेक्षा हे दुरुस्त करा:

```yaml
on:
  pull_request:
    types: [opened, synchronize, reopened, ready_for_review]
jobs:
  test:
    if: github.event.pull_request.draft == false
```

`types` लिहिलं की पहिले तीन आपोआप राहत नाहीत, म्हणून चारही लिहायचे. नुसतं `ready_for_review` लिहिलंत तर पुढच्या पुशला काहीच धावणार नाही.

सडेवाडी
तुमच्या टीमने चेकची यादी न बघता मर्ज केलं त्याचं खापर माझ्या अटीवर का फोडताय?

कातळशिल्प
खापर फोडत नाही. त्या दोन कुटुंबांना रात्री दहा वाजता दुसरी खोली शोधून देणारा मी होतो. तुमच्या रिपोत ते व्हायच्या आत सांगतोय. गेल्या आठवड्यापासून रेडी होऊन मर्ज झालेले पीआर उघडा आणि टेस्टपुढे काय लिहिलंय ते बघा.

भाट्येपूल
मला मुळात ड्राफ्टवर टेस्ट बंद करणंच पटत नाही. पेटीची चूक डोळ्यांनी सापडली, पण बाकीच्या निम्म्या लाल टेस्टने सापडतात, आणि त्या लवकर लाल झालेल्या बऱ्या. जड टेस्ट रेडीनंतर ठेवा, हलक्या ड्राफ्टवरही धावू द्या. त्या दोन जॉबमध्ये वेगळ्या करता येतात.

सडेवाडी
आमच्याकडे हलक्या-जड असं काही वेगळं नाही. सगळ्याच डेटाबेसवर जातात. वेगळं करायला महिना जाईल आणि तो कोण देणार?

सुरंगी
म्हणजे मिनिटं वाचवायला महिना नाही, पण ड्राफ्ट टाकणाऱ्यांवर ओरडायला वेळ आहे?

सडेवाडी
ताई, आवाज खाली. बघून आलो. सहा पीआर मर्ज झालेत, तिनांवर `Skipped` आहे. त्यातला एक बिलाचा आहे. अट आता दुरुस्त करतोय आणि मेनवर सगळ्या टेस्ट चालू केल्यात. कातळशिल्प, मानलं तुम्हाला, या एका बाबतीत. ड्राफ्टबद्दल माझं मत अजून तेच आहे.

खालची वाडी
रिव्ह्यू सुरू झाल्यावर मोठा बदल निघाला तर परत ड्राफ्ट करावा का? माझं दर दुसऱ्या वेळेला होतं.

कातळशिल्प
`Convert to draft` आहे, रिव्ह्यूअरच्या खाली. कमांडने `gh pr ready --undo`. पण आधी जोडली गेलेली माणसं त्याने सुटत नाहीत, त्यांना सूचना जातच राहतात. म्हणून का परत घेतला ते कॉमेंटमध्ये लिहा. दर दुसऱ्या वेळेला होत असेल तर मात्र तुम्ही बटण लवकर दाबताय.

खालची वाडी
लाइट जायच्या आत दाबतो, म्हणून होतं.

सडेवाडी
टेस्ट २१ मिनिटांवर आहेत, एक लाल दिसतेय. बिलाचीच. नंतर येतो.