मदत हवी आहे: फ्लोट दोघांचा मिळून १० दिवस, हे स्लाइडवर कसं दाखवू?

डिप्लोमाच्या पोरांना क्रिटिकल पाथ शिकवतोय, उदाहरण छोट्या घराचं घेतलंय. पाया १५ दिवस, वीटकाम २०, मग स्लॅब, सेंट्रिंग काढेपर्यंत धरून २५, शेवटी प्लास्टर १२, म्हणजे ७२ दिवस, हा झाला क्रिटिकल पाथ, इथवर सगळ्यांना कळतं.

घोळ पुढे होतो. वीटकाम झालं की भिंतीत वायरिंगचे पाइप ६ दिवस, त्यानंतर प्लंबिंग ९, दोन्ही प्लास्टरच्या आत संपायला हवीत. हातात २५ दिवस, काम १५ चं, म्हणून स्लाइडवर दोघांसमोर टोटल फ्लोट १० लिहिलाय आणि पोरं सरळ बेरीज करून २० म्हणतात! खरं तर वायरमनने ७ दिवस उशीर केला तर प्लंबरला ३ च उरतात, आणि दोघांचा मिळून १२ झाला तर घरच २ दिवस लांबतं.

फ्री फ्लोट काढला तर वायरिंगचा ० येतो, प्लंबिंगचा १०. तो याच स्लाइडवर टाकू का, की आधी बार चार्टवर वायरिंगची पट्टी सरकवून दाखवू? कोणी शिकवलं असेल तर सांगा ना, सोमवारी लेक्चर आहे.