देणगीदाराला पाठवायच्या आभाराच्या ईमेलमध्ये ‘तुमच्या पैशांतून अमुक झाले’ असे लिहावे का?

पेटीवाली : आमची छोटी संस्था अकोले तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांना पुस्तकांच्या पेट्या देते. डिसेंबरमध्ये ३४ जणांनी मिळून ७१,००० रुपये दिले आणि त्यांतून बारा शाळांना प्रत्येकी साठ पुस्तके पोहोचली. आता प्रत्येक देणगीदाराला ईमेल जाणार आहे. दोन हजार देणाऱ्यासाठी मी असा मसुदा केला आहे : “तुमच्या २,००० रुपयांतून २८ पुस्तके आली. सोबत चौथीतल्या एका मुलीचे नाव आणि फोटो देत आहोत. आणखी २८ पुस्तकांसाठी खालील क्यूआर कोड वापरा.” आमच्या एका विश्वस्तांना शेवटची ओळ हवीच आहे, मला ती खटकते. आपले मत काय?

जमाखर्च : शेवटच्या ओळीआधी पहिली ओळ तपासा. एका पुस्तकाला सरासरी ७० रुपये पडले असणार, म्हणून तुम्ही २८ लिहिले. हाच हिशेब चौतीसही पत्रांत लावला, तर सर्वांच्या वाट्याची पुस्तके मिळून एक हजाराच्या आसपास जातात आणि तुम्ही विकत घेतली आहेत ७२०. एकाच कुटुंबातील दोघांनी देणगी दिली असेल आणि त्यांनी सहज पत्रे ताडून पाहिली, तर हा घोळ लगेच लक्षात येईल. पत्र्याच्या पेट्या आणि टेम्पो यांचा खर्च कोणीतरी केलाच ना? तो कोणाच्याच पत्रात दिसत नाही, याचा अर्थ प्रत्येक पत्रात थोडे खोटे आहे. पुस्तके, पेट्या आणि वाहतूक यांचे आकडे इथे द्या, मी मसुदा करून देतो.

रोखठोक : हिशेब बरोबर आहे, पण पत्र म्हणजे ताळेबंद नव्हे. “चौतीस जणांच्या देणग्यांतून” असे वाचले की माणसाला आपण गर्दीतले एक वाटतो, उलट “तुमची २८ पुस्तके” म्हटले की ती त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहतात. क्यूआर कोडबद्दलही एवढा संकोच कशाला? संस्था दानावरच चालते, हे देणाऱ्याला ठाऊक असते. आणि ८०जीची पावती जोडली की त्याचे कामही झाले, मग पत्रात खर्चाचा तपशील कशाला?

जमाखर्च : पावतीबद्दल आपण अर्धेच बरोबर आहात. पावती द्यायचीच, पण २०२१-२२ पासून करसवलतीसाठी फॉर्म १०बीई हे प्रमाणपत्र लागते. संस्थेने त्या वर्षीच्या देणग्यांचे विवरण, म्हणजे फॉर्म १०बीडी, वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत भरले की ते निघते. त्यामुळे डिसेंबरमध्ये पैसे दिलेल्या माणसाला आभाराच्या पत्रात “प्रमाणपत्र जूनच्या सुमारास येईल” एवढे एक वाक्य हवे, नाहीतर मार्चमध्ये त्याचा फोन येतो आणि तुम्ही काहीतरी लपवता आहात असा त्याचा समज होतो. नव्या करप्रणालीत ही सवलत मिळत नाही, म्हणून करबचतीचे आमिषही त्या पत्रात नको.

सुमन, सातारा : मला तर असे ईमेलच नको असतात. मी एका संस्थेला वर्गातील बाकांसाठी एकदा पैसे दिले होते. त्यानंतर गुढीपाडवा, गणपती, दिवाळी असे काही निमित्त निघाले की फोन! बाके आली की नाही हे मात्र आजवर कळलेले नाही. तुम्ही ईमेल पाठवण्याऐवजी पोस्टकार्ड पाठवा.

पेटीवाली : सुमनताई, पोस्टकार्डावर हिशेब मावायचा नाही, पण बाके आली की नाही हे सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. जमाखर्च, आकडे असे : पुस्तके ५०,४००, पेट्या १३,२००, टेम्पो ४,९००. शिल्लक २,५०० रुपये आहे. फेब्रुवारीअखेर दहा शाळांत मुले पुस्तके घरी नेऊ लागली होती. दोन शाळांत पेटी कुलूपबंदच आहे, कारण एका ठिकाणी शिक्षकांची बदली झाली आणि दुसरीकडे पुस्तके फाटतील अशी धास्ती आहे.

जमाखर्च : मग असे लिहा :

“आपण डिसेंबरमध्ये दिलेले २,००० रुपये आणि इतर ३३ जणांच्या देणग्या मिळून ७१,००० रुपये जमले. त्यांतून बारा शाळांना साठ-साठ पुस्तकांची एकेक पेटी पोहोचली. पुस्तकांवर ५०,४००, पेट्यांवर १३,२०० आणि टेम्पोवर ४,९०० रुपये खर्च झाले, आणि उरलेले २,५०० रुपये फाटलेल्या पुस्तकांच्या बांधणीसाठी ठेवले आहेत. दहा शाळांत मुले पुस्तके घरी नेत आहेत. दोन शाळांत पेटी अजून उघडलेली नाही, मार्चमध्ये आमचे कार्यकर्ते तिथे जाणार आहेत. हे केवळ आपल्याला कळावे म्हणून लिहिले, आपण काही करावे अशी अपेक्षा नाही.”

रोखठोक : दोन बंद पेट्यांचे रडगाणे आभाराच्या पत्रात? ते वार्षिक अहवालात लिहा. देणाऱ्याला वाटेल की आपले पैसे कुलपात पडून आहेत.

गुरुजी : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो. पेटी बंद का राहते हे मला चांगले माहीत आहे : पुस्तक हरवले तर भरपाई आपल्या पगारातून होईल, ही शिक्षकाच्या मनातली भीती. “फाटलेली पुस्तके बदलून देऊ” असे संस्थेने लेखी दिले की कुलूप निघते. तेव्हा पत्रात बंद पेट्या लपवू नका, पण त्यासाठी काय करणार आहात हेही सांगा. नुसते “कार्यकर्ते जाणार आहेत” याने काही कळत नाही. आणि मुलीचे नाव व फोटो काढून टाका. तिच्या पालकांना विचारले आहे का? त्यापेक्षा नोंदवही चाळा. एखाद्या मुलाने एकच पुस्तक तीनदा नेल्याची नोंद सापडेल, ती नावाशिवाय लिहा, फोटोपेक्षा जास्त सांगून जाते.

पेटीवाली : पालकांना विचारलेले नव्हते, फोटो काढते. नोंदवहीत खरोखर अशी नोंद आहे : चौथीतल्या एका मुलाने बेडकांवरचे पुस्तक जानेवारीत दोनदा आणि फेब्रुवारीत पुन्हा नेले. लेखी हमीची गोष्ट मात्र विश्वस्तांपुढे मांडावी लागेल, कारण उरलेल्या २,५०० रुपयांत बांधणीच होईल, नवी पुस्तके फारशी येणार नाहीत. क्यूआर कोडवर ते अजून अडून आहेत. त्यांचे म्हणणे असे की पैसे मागायला वेगळे पत्र पाठवले तर ते कोणी उघडतच नाही.

रोखठोक : त्यांचा मुद्दा खरा आहे. माणूस खूश असतो तेव्हाच मागावे.

जमाखर्च : मागा, पण पुढच्या पेट्या ठरल्या की मागा : किती शाळा, किती रक्कम, कधीपर्यंत. ते जूनमध्ये शाळा सुरू होण्याच्या सुमारास जमेल. आभाराच्या पत्रात मागणी घातली की वरची सगळी माहिती त्या मागणीची प्रस्तावना वाटू लागते, आणि पुढच्या वेळी माणूस थेट तळाची ओळ पाहून ईमेल बंद करतो. आणखी एक अडचण आहे. अशी पत्रे लोक कौतुकाने पुढे पाठवतात. अमेरिकेतल्या पुतण्याने तो कोड वापरून पैसे भरले आणि त्याचे नागरिकत्व तिकडचे असेल, तर ती परदेशी देणगी ठरते. तिच्यासाठी एफसीआरए नोंदणी लागते आणि पैसे ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या पैशांतून बँकेमार्फत दिले तर ही अडचण नाही, पण कोडला पासपोर्ट कळत नाही. तुमच्याकडे ती नोंदणी आहे का?

पेटीवाली : नाही. चौतीसपैकी दोघे न्यू जर्सीत राहतात, त्यांनी पैसे पुण्यातल्या खात्यातून पाठवले होते. त्यांचे नागरिकत्व आम्ही विचारलेच नव्हते. आता आधी ते विचारते.