आजोबांवर मराठीत लिहिलेलं, परदेशातल्या नातलगांसाठी इंग्रजीत नेताना: तुमचे अनुभव

रानवारा: अण्णांच्या तेराव्याला वाचायला मी मराठीत लिहिलंय. आत्याची मुलं कॅनडात वाढली, त्यांच्यासाठी इंग्रजी प्रत करतोय. एका वाक्यावर अडलोय: "बहात्तरला मिलोच्या भाकरी खाल्ल्या, पण बैल विकले नाहीत." अशी वाक्यं तुम्ही कशी नेलीत?

शेवंती: मी अनुवादाचं काम करते, माझ्या आजोबांवरचंही मीच केलं होतं. तुमचं वाक्य गावात पुरतं, कारण ऐकणाऱ्याला मागचं सगळं ठाऊक असतं. त्या मुलांसाठी मी त्याची तीन वाक्यं करेन. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. घरात अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी खाऊन दिवस काढले. चारा नसतानाही अण्णांनी बैल राखले, कारण पाऊस आल्यावर पेरणी त्यांच्याच जिवावर होती. हे तळटिपेत टाकू नका, कोणी मोठ्याने वाचलं तर ती ऐकूच जात नाही. आणि भाकरी कोणी खाल्ल्या? मराठीत कर्ता गाळला तरी चालतं, इंग्रजीत सांगावाच लागतो. झाल्यावर अण्णांना न ओळखणाऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. तो नुसतं "गरिबी होती" म्हणाला, तर बैल त्याच्यापर्यंत पोचले नाहीत असं समजा.

पाऊलवाट: इंग्रजीत थोडक्यातच लिहावं. अर्धं करून टाका.

शेवंती: इंग्रजी लांबतं हे खरं, म्हणून कापावं लागतं. पण प्रसंग कापू नका. "प्रेमळ, कष्टाळू, शिस्तप्रिय" ही ओळ आधी काढा, ती कुणाच्याही आजोबांना लागू पडते.

गोधडी: मृत्यूच्या दाखल्याचं इंग्रजी भाषांतर आम्ही नोटरीकडून करून घेतलं होतं. तेच विचारताय ना?

रानवारा: नाही हो, दाखला नाही, वाचायचा मजकूर.

गोधडी: असं होय. मग आमच्याकडचं सांगते. दादा रोज म्हणायचे तो अभंग आम्ही इंग्रजीत केलाच नाही, व्हिडिओ कॉलवर तसाच म्हटला. एक भाची अर्थ न कळताही रडली. तिचा भाऊ मात्र नंतर म्हणाला, तेवढा वेळ मी बाहेरचा होतो. अजूनही वाटतं, आधी दोन ओळींत अर्थ सांगायला हवा होता. माझी बहीण म्हणते, त्याने सूर तुटला असता.

रानवारा: शेवंतीताई, "कोणी खाल्ल्या" हे आजीला विचारलं. ती म्हणाली, मिलो फक्त अण्णांनी आणि तिने खाल्ला. मुलांसाठी तिच्या माहेरून ज्वारी यायची. हे बाबांनाही ठाऊक नव्हतं. इंग्रजीत आता तसंच लिहिलंय. मराठीतही घालावं असं मला वाटतं, पण काका नको म्हणतात: तेव्हा ज्यांच्या घरी माहेरची ज्वारी येत नव्हती, ते समोरच बसलेले असतील.