मदत हवी आहे: आठवीसाठी शिडी-भिंतीचा बोलका पाठ, मुलं म्हणतात 'जेवढी ओढली तेवढी घसरली'

खडू_आणि_डस्टर

नमस्कार. मी कोल्हापूरजवळच्या एका गावात आठवीला गणित शिकवते. पावसाळ्यात पाणी रस्त्यावर आलं की आमची शाळा चार-सहा दिवस बंद असते, आणि व्हिडिओ चालेल एवढी रेंज सगळ्या घरांत नसते. म्हणून पायथागोरसवर बारा मिनिटांचा पाठ नुसत्या आवाजात रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायचाय. फळा नाही, आकृती नाही.

उदाहरण शिडीचं घेतलंय, कारण पावसाआधी कौलं परतताना ती सगळ्यांनी बघितलेली असते. आधी वर्गात तोंडी घेऊन बघितलं. शिडी 10 फुटी, पाय भिंतीपासून 6 फुटांवर. सहा सक छत्तीस, शंभरातून छत्तीस गेले, राहिले चौसष्ट, म्हणजे वरचं टोक 8 फुटांवर. छान जमलं. मग विचारलं, पाय आणखी 2 फूट मागे ओढला तर टोक किती खाली येईल? अख्खा वर्ग ओरडला, "दोन फूट!" हिशेब केला तर खरंच तेच आलं. 64 गेले, 36 राहिले, टोक 6 फुटांवर. मी शाबासकीही दिली.

दुसऱ्या दिवशी 25 फुटी शिडी दिली. पाय 7 फुटांवर, टोक 24 वर. पाय 15 वर नेला तर? चार-पाच जण सोडले तर कुणी वर्ग केलेच नाहीत. पाय 8 फूट सरकला म्हणून 24 मधून 8 काढले आणि 16 लिहिलं. उत्तर 20 आहे. ही समजूत मीच पक्की केली असं वाटतंय. चित्र न दाखवता ती कशी काढू?

वहीतली_गणितं

मॅडम, 6-8-10 घेऊन तुम्ही फक्त 6 आणि 8 ची अदलाबदल केलीत, म्हणून दोन्हीकडे 2 आले. पाठात सरळ एक वाक्य टाका: वरचं टोक पायापेक्षा नेहमी कमी घसरतं. तुमच्या 25 फुटी शिडीत बघा, पाय 8 सरकला आणि टोक 4 च उतरलं. मुलांना घरी करून बघायला कंपासमधली 15 सेंमीची पट्टी पुरते. पाय 9 वर ठेवला की टोक 12 वर.

रंगकाम_राजारामपुरी

बाई, 10 फुटी शिडी 6 फूट बाहेर काढून लावू नका, पाय सुटंल. आमचा साधा हिशेब असतोय, शिडीच्या लांबीचा चौथा हिस्सा पाय बाहेर. 10 फुटीला अडीच फूट. त्याहून लई बाहेर गेली तर पाय घसरतोय, आणि लई आत घेतली तर माणूस शिडीसकट मागं येतोय. फरशीवर लावणार असाल तर खाली पोतं टाका आणि एकाला धरायला उभं करा.

निवृत्त_गणित_शिक्षक

रंगकामवाले भाऊ, बाईंना शिडीवर चढायचं नाहीये, पण तुमचा अडीच फुटांचा आकडा पाठात यायलाच हवा. पुढे सांगतो.

वहीतली_गणितं, तुमचं निदान बरोबर, पण 'नेहमी कमी' हे वाक्य पाठात गेलं तर एक चूक काढून दुसरी बसेल. तीच 10 फुटी शिडी घ्या आणि भिंतीला चिकटून सरळ उभी करा. पाय 0 वर, टोक 10 वर. आता पाय 6 फूट ओढा. टोक 8 वर येतं, म्हणजे 6 फूट ओढून फक्त 2 फूट उतरलं. पुढचे 2 फूट ओढले तर तेही 2 उतरतं, हीच बाईंची चाल. आता पाय 8 वरून 10 वर न्या. शिडी जमिनीवर आडवी पडली. ओढली 2 फूट आणि टोक उतरलं 6 फूट.

पाय साधारण 7 फुटांच्या आत असेपर्यंत टोक पायापेक्षा कमी उतरतं, 7 च्या बाहेर गेला की जास्त. 6 ते 8 ही चाल नेमकी 7 च्या दोन्ही बाजूंना पडते, म्हणून मुलांचा अंदाज बरोबर निघाला.

आवाजाच्या पाठात क्रम हाच ठेवा: उभी शिडी, मग 6, मग 8, शेवटी आडवी. प्रत्येक वेळी आधी म्हणा, "टोक किती उतरेल, मोठ्यानं सांगा," आणि दहा सेकंद गप्प बसा. पहिल्याच चालीला मुलं 'सहा' म्हणतील. तिथं म्हणा, "सहा उतरलं तर टोक 4 फुटांवर आलं. छत्तीस आणि सोळा, बावन्न. पण शिडीचे शंभर हवेत. बाकीची शिडी कुठं गेली?" शिडीची लांबी बदलत नाही, हे आधी मुलांच्या तोंडून यायला हवं. वजाबाकी करणारं मूल शिडी आखूड करतंय, हे त्याला तिथं कळतं.

आठवीची_आई

आमच्या मुलीचं वेगळंच आहे. ती वर्ग म्हणजे दुप्पट समजते. सहाचा वर्ग बारा, आठचा सोळा, बेरीज अठ्ठावीस. मग त्याचं निम्मं करून शिडी 14 फुटांची म्हणते. यावर काय करावं?

निवृत्त_गणित_शिक्षक

ताई, 14 म्हणजे 6 आणि 8 ची नुसती बेरीज झाली. भिंतीच्या कडेनं खाली उतरून जमिनीवरून चालत गेलं तरी 14 च फूट होतात. तिरकी शिडी तेवढीच लांब कशी असेल, एवढंच तिला विचारा. बाई, रेकॉर्डिंगमध्ये 'वर्ग' एकटा नको. प्रत्येक वेळी पाढा म्हणा: सहा सक छत्तीस, आठ अठ्ठे चौसष्ट.

खडू_आणि_डस्टर

खूप आभार. शेजारच्या मुलाला बसवून कंपासच्या पट्टीनं आत्ताच करून बघितलं आणि अडकले. पाय बरोबर 9 सेंमीवर ठेवला, पण टोक 12 वर येतच नाही, 13 च्याही थोडं वर जातं. दोनदा मोजलं. तो म्हणतो, "बाई, नियम चुकला."

निवृत्त_गणित_शिक्षक

पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दुसऱ्या पट्टीनं मोजा.

खडू_आणि_डस्टर

16 सेंमी भरली! शून्याच्या आधी आणि 15 च्या पुढे अर्धा-अर्धा सेंटीमीटर कोरी आहे. 256 मधून 81 गेले, 175. तेराचा वर्ग 169, म्हणजे 13 च्या थोडं वरच यायला हवं होतं.

वहीतली_गणितं

पट्टीचा सल्ला माझा, चुकलं. आणि 'नेहमी कमी'ही मागे घेतो.

निवृत्त_गणित_शिक्षक

पट्टीऐवजी खराट्याची सरळ, जाड काडी 10 सेंमी कापायला सांगा. भिंत म्हणून दप्तर नको, ते मागे कलतं आणि काटकोन जातो. घराची भिंत आणि फरशी घ्या, फक्त कोपऱ्यात पट्टीची फरशी बाहेर आलेली नसावी.

शेवटी रंगकामवाल्यांचा आकडा. पाय अडीच फुटांवर: शंभरातून सव्वासहा गेले, राहिले पावणेचौऱ्याण्णव. वर्गमूळ 9.7 पेक्षा जरासं कमी, म्हणजे टोक जेमतेम 4 इंच उतरतं.

वहीतली_गणितं

हे आठवीच्या आवाजी पाठात नको वाटतं. कानावर पडून कोण वर्गमूळ काढणार? पूर्ण संख्याच ठेवा.

निवृत्त_गणित_शिक्षक

मूळ काढायचंच नाही. "9 च्या जवळ की 10 च्या?" एवढंच विचारायचं. 81 कुठं आणि 94 कुठं.

रंगकाम_राजारामपुरी

4 इंच बरोबर आहे. कालच लावली होती, फूटभर सुद्धा उतरत नाही.

खडू_आणि_डस्टर

अडीच फुटांचं अजून ठरत नाहीये, बारा मिनिटांत बसलं तर घेईन. उभ्या शिडीपासून सुरुवात करून आज रात्री रेकॉर्ड करते. काड्या कापायचं काम सकाळीच ग्रुपवर टाकलं, तिघांचे कापल्याचे फोटोही आले. एकानं 10 इंच कापलीय.