अटक झाली की लगेच नोकरी गेली?

मकरपुरा_एचआर: आमचा एक ऑपरेटर उत्तरायणला गच्चीवर पतंगावरून शेजाऱ्याशी मारामारी करून आत गेला. तीन दिवसांनी जामिनावर सुटला. शेठनी त्याला लेटर देऊन घरी बसवलं, आणि बरोबरच केलं. कस्टडीत जाऊन आलेल्या माणसाला पगार देऊन कशाला ठेवायचं? कोर्टाचा निकाल दहा वर्षांनी लागेल, तोपर्यंत कंपनीने वाट बघायची का?

दांडियाबाजारकर: वाचून राहवलं नाही म्हणून लांबलचक लिहितोय. आधी हे सांगा, लेटर सस्पेन्शनचं दिलं की काढून टाकल्याचं? कारण सगळं तिथेच ठरतं. सस्पेंड करायला कोर्टाचा निकाल लागत नाही, मॉडेल स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे कामगारांच्या नोकरीच्या सरकारी नमुना नियमांत, स्पष्ट आहे की कामगारावर कुठल्याही गुन्ह्याचा तपास किंवा खटला चालू असला आणि मालकाला गरज वाटली तर लेखी ऑर्डर काढून त्याला सस्पेंड करता येतं, आणि त्याची कारणं आठवड्याच्या आत त्याच्या हातात द्यावी लागतात. मग गुन्हा कंपनीच्या गेटबाहेरचा असला तरी चालतं. पण या काळात तो तुमचाच माणूस असतो आणि त्याला निर्वाह भत्ता द्यावा लागतो, पहिले ९० दिवस निम्मा, नंतर उशीर त्याच्यामुळे नसेल तर पाऊण. समजा पगार १८,००० आहे, तर आधी ९,००० आणि पुढे १३,५००. नोव्हेंबर २०२५ पासून नवा इंडस्ट्रियल रिलेशन्स कोड लागू झालाय, त्यातही हे आकडे तेच आहेत.

काढून टाकणं मात्र वेगळं. त्यासाठी गैरवर्तन सिद्ध व्हावं लागतं, आणि गैरवर्तनांची यादी तुमच्याच स्टँडिंग ऑर्डरमध्ये असते. चोरी, लाच, कामाच्या जागी दंगा वगैरे. तुमच्या गेटपासून चार किलोमीटरवरच्या कुणाच्या गच्चीवरचा दंगा त्यात कुठे बसतो? १९८४ मध्ये ग्लॅक्सोच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच धरलं की आवारात किंवा आवाराच्या आसपास असं लिहिलं असेल तर शब्द ताणून गावभर नेता येत नाहीत. पोलिसांनी पकडलं हे कुणाचंही गैरवर्तन नसतं, ती पोलिसांची कृती असते.

मकरपुरा_एचआर: काका, हे सगळं मोठ्या कंपन्यांचं. आमच्याकडे साठ माणसं आहेत, नव्या कोडमध्ये स्टँडिंग ऑर्डरला ३०० ची अट आहे. म्हणजे आमच्यावर काहीच लागू नाही. अपॉइंटमेंट लेटरमध्ये एका महिन्याची नोटीस लिहिलीय, ती दिली की विषय संपला.

दांडियाबाजारकर: ३०० ची अट बरोबर आहे, पण त्यातून तुम्ही काढलेला अर्थ चुकीचा. स्टँडिंग ऑर्डर नाही म्हणजे कायदाच नाही असं होत नाही. वर्षभर काम केलेल्या कामगाराला साधं कमी करायचं तरी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि शिवाय दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. सात वर्षांची नोकरी असेल तर साडेतीन महिन्यांचा पगार तिथेच झाला. आणि मुख्य प्रश्न, तुमच्या लेटरमध्ये काय लिहिलंय?

मकरपुरा_एचआर: लिहिलंय की अटकेमुळे कंपनीची बदनामी झाली म्हणून सेवा समाप्त.

दांडियाबाजारकर: मग ते कमी करणं नव्हेच, ती शिक्षा झाली, आणि शिक्षा चौकशीशिवाय दिली. लेबर कोर्टात पहिलाच प्रश्न येईल, चार्जशीट कुठाय? पोलिसांची नाही हां, कंपनीने कामगाराला दिलेलं आरोपांचं पत्र. दोन्हीचं नाव एक आहे म्हणून निम्मे एचआर पोलिसांची कॉपी फाइलला लावून मोकळे होतात.

फतेगंज_सविता: मी दुसरी बाजू मांडते. आमच्या युनिटमध्ये बायका नाईट शिफ्टला असतात. उद्या एखाद्यावर शेजारच्या मुलीच्या छेडछाडीची केस झाली आणि तो जामिनावर येऊन आमच्या लाइनवर उभा राहिला, तर कोर्टाची वाट बघा असं कुणी मला सांगू नये. पतंगाचं भांडण आणि हे एकाच तागडीत घालू नका.

दांडियाबाजारकर: नाही घालत ताई. सस्पेन्शन त्यासाठीच तर आहे. कॅशियरवर फसवणुकीची केस, ड्रायव्हरवर दारू पिऊन गाडी चालवल्याची, शाळेतल्या शिपायावर लहान मुलीच्या बाबतीतली, अशात कामाचा आणि गुन्ह्याचा धागा दिसतो, त्यांना लगेच बाजूला ठेवलंच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की पैसे देऊन बाजूला ठेवा.

फतेगंज_सविता: आणि पुढे काय, खटला संपेपर्यंत बसून पगार?

दांडियाबाजारकर: तेही नाही. कोर्ट थांबलं म्हणून खात्याची चौकशी थांबवायलाच पाहिजे असा नियम नाही. १९९९ च्या पॉल अँथनी केसपासून हे पक्कं आहे की दोन्ही एकाच वेळी चालू शकतात, फक्त तथ्यं तीच असतील आणि आरोप गंभीर, गुंतागुंतीचा असेल तर चौकशी थांबवणं योग्य ठरू शकतं. चौकशीत पुरावाही कोर्टाइतका कडक लागत नाही. तमिळनाडूतल्या एका पोलिसाला बसस्टँडवर बाईशी गैरवर्तन केल्याबद्दल चौकशी करून काढलं, कोर्टात साक्षीदार उलटले म्हणून तो सुटला, तरी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याची बडतर्फी कायम ठेवली. पण चौकशी झाली होती, हे विसरू नका. आणि तो पोलीस होता, त्याच्या खात्याचे नियम बाहेरच्या वागणुकीलाही लागतात.

मकरपुरा_एचआर: म्हणजे मीही चौकशी लावली तर काढू शकतो की. मग एवढं भाषण कशाला?

दांडियाबाजारकर: लावा. साक्षीला कुणाला बोलावणार? गच्चीवरचा शेजारी तुमचा नोकर नाही, तुमच्या चौकशीला येईलच असं नाही, आणि त्याला आणायचा अधिकार तुमच्याकडे नाही. उरते एफआयआरची झेरॉक्स. २००९ च्या रूपसिंग नेगी केसमध्ये, तो बँकेतला शिपाई होता, कोर्टाने सांगितलंय की नुसता एफआयआर म्हणजे पुरावा नाही, तो साक्षीने सिद्ध करावा लागतो. बाहेरच्या खासगी भांडणात मालक इथेच अडकतो.

सरकारी_घर: माझ्या भावाचं सांगते, तुम्ही लोक नुसते कायदे फेकताय. तो सरकारी ऑफिसात क्लार्क. वहिनीने तक्रार दिली, शुक्रवारी संध्याकाळी पकडलं, शनिवारी मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं तर जेलमध्ये पाठवलं, जामीन झाला मंगळवारी. ऑफिसने अटकेच्या तारखेपासून सस्पेंड केलं. भांडण नवराबायकोचं, ऑफिसचा काय संबंध? दोषी ठरवून टाकलं त्याला!

दांडियाबाजारकर: दोषी नाही ठरवलेलं. सरकारी नोकर ४८ तासांपेक्षा जास्त कस्टडीत राहिला की तो सस्पेंड झालाच असं नियम मानतो, कारण कुठलं, खरं की खोटं, काहीच बघत नाही. शुक्रवारी संध्याकाळी पकडलं की जामीन पुढच्या आठवड्यात जातो आणि ४८ तास सहज उलटतात. आता ऐका, जामीन झाला म्हणून सस्पेन्शन आपोआप उठत नाही, ऑर्डर रद्द व्हावी लागते. त्याने अर्ज दिला का?

सरकारी_घर: वकिलाने सांगितलं केस संपू दे.

दांडियाबाजारकर: अर्ज द्यायला सांगा, आजच, जामिनाची ऑर्डर जोडून. २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालंय की तीन महिन्यांत खात्याने चार्जशीट दिली नाही तर सस्पेन्शन पुढे चालू ठेवू नये, आणि दिली असेल तर वाढवताना कारणं लिहावीत. पुढे काही निकालांत कोर्टांनी याला थोडी मुरड घातलीय म्हणून खात्रीने उठेल असं मी म्हणत नाही, पण अर्जच नसेल तर फाइल कोण उघडणार?

रेसकोर्स_रिटायर्ड: पण निर्दोष सुटल्यावर मागचा पगार मिळतो का ते सांगा ना, सगळं त्यावर आहे! आमच्या जीईबीचीच, म्हणजे गुजरात वीज बोर्डाचीच केस आहे. हिंमतनगरचा माणूस, खुनाच्या केसमध्ये सेशन कोर्टात शिक्षा झाली म्हणून बोर्डाने काढला, हायकोर्टात निर्दोष सुटला, हायकोर्टाने बोर्डाला परत घ्यायला लावला पण मधला पगार नाही दिला. १९९६ ला सुप्रीम कोर्टानेही नाही दिला. कोर्ट म्हणालं, तो आत गेल्यामुळे कामावर येऊ शकला नाही, त्यात बोर्डाचा काय दोष. मला आजही ते पटत नाही. जो निर्दोष, त्याने का भोगायचं?

मकरपुरा_एचआर: हा निकाल तर माझ्या बाजूचा झाला.

दांडियाबाजारकर: अर्धाच. पगार गेला, नोकरी परत मिळाली, तेही सलग धरून. आणि तिथे बोर्डाने शिक्षा झाल्यावर काढलं होतं, तुमच्या शेठनी जामिनाच्या आठवड्यात काढलंय. त्याच निकालात असंही आहे की मालकाने स्वतः कारवाई केली आणि ती बेकायदा ठरली तर मागच्या पगाराचा विचार होईल. म्हणजे मागचा पगार तुमच्याच अंगावर येईल.

रेसकोर्स_रिटायर्ड: मला मान्य नाही. कोर्टाने सोडलं म्हणजे सोडलं. माझ्या सेक्शनमधला एक जण मेव्हण्याच्या जमिनीच्या भांडणात अडकला, साडेचार वर्षं निम्म्या पगारावर राहिला, पोराचं इंजिनिअरिंग राहिलं. सुटला तेव्हा सस्पेन्शनचे दिवस ड्युटी धरायचे की रजा यावरच दोन वर्षं फाइल फिरली. त्या दोन वर्षांना जबाबदार कोण?

सरकारी_घर: काका, आमच्या भावाचंही असंच होणार का?

रेसकोर्स_रिटायर्ड: संशयाचा फायदा देऊन सोडलं असं निकालात आलं तर त्रास होतो ताई, ऑफिस तेवढी एक ओळ धरून बसतं. निकालाची सर्टिफाइड कॉपी मिळाली की पहिल्यांदा तेच बघा.

कॉन्ट्रॅक्टवाला_वाघोडिया: तुम्हा सगळ्यांना ऑर्डर तरी मिळते. आमचा गेटपास बंद होतो. माझा भाचा भावकीच्या भांडणात पाच दिवस आत होता, बाहेर आला तर सिक्युरिटी म्हणाला नाव नाही लिस्टमध्ये. ठेकेदार म्हणतो कंपनीला विचार, कंपनी म्हणते ठेकेदाराला विचार. कुठलं सस्पेन्शन आणि कुठला भत्ता?

दांडियाबाजारकर: मालक ठेकेदारच धरला जातो, त्याला लेखी पत्र द्या की काम द्या, मी हजर आहे. रजिस्टर पोस्टाने. नाहीतर तो लिहील की हा न सांगता गैरहजर राहिला आणि सोडून गेला. हा डाव सगळीकडे चालतो, अटकेचं नाव घ्यायचं नाही, आठ दिवस गैरहजर म्हणून नाव कापायचं. १९९३ च्या डी. के. यादव केसमध्ये सुप्रीम कोर्टाने असं आपोआप नाव कापणं चुकीचं ठरवलंय, माणसाला विचारावं लागतं. म्हणून घरातल्या कुणीतरी पहिल्याच दिवशी कंपनीला कळवायचं की तो कस्टडीत आहे, येऊ शकत नाही.

कॉन्ट्रॅक्टवाला_वाघोडिया: कळवलं असतं तर पहिल्याच दिवशी काढला असता.

दांडियाबाजारकर: शक्य आहे. पण तसं केलं असतं तर कागद तुमच्या हातात असता.

मकरपुरा_एचआर: ठीक आहे, लेटरची भाषा चुकली हे मान्य. शेठना सांगतो, हे मागे घेऊन सस्पेन्शनची ऑर्डर काढू आणि निम्मा पगार सुरू करू. पण साठ माणसांचं युनिट दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात तारखा पडत राहतील तेवढी वर्षं पाऊण पगार कुठून देणार, याचं उत्तर इथे कुणी दिलं नाही.

फतेगंज_सविता: मारामारीच्या केसमध्ये तो कामाला धोका नाही असं वाटत असेल तर सस्पेन्शन उठवून कामावर घ्या ना, पगाराचं काम तरी मिळेल.

मकरपुरा_एचआर: शेठ ऐकणार नाहीत. त्या शेजाऱ्याचा साडू आमचा व्हेंडर आहे.

रेसकोर्स_रिटायर्ड: मग हे आधी सांगायचं होतं. बदनामी वगैरे काही नव्हतंच.